थ्रीडी प्रिंटेड दोरीवर चालणारा हात: माप, फिटिंग आणि टेस्टिंग कसं करायचं

इंटरनेटवर थ्रीडी प्रिंटेड हाताच्या फाईली फुकट मिळतात आणि ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्याला वाटतं की आठवडाभरात हात तयार होईल. होतोही. टेबलावर ठेवून मनगट वाकवलं की पाचही बोटं छान मिटतात, आणि तोच हात महिन्याभरात कपाटात जाऊन पडतो. कारण तो टोचतो, घाम येतो, मनगटाजवळ घासतो किंवा पकडायला हवी ती वस्तू धरतच नाही. म्हणून या लेखात प्रिंटिंगवर थोडंच लिहितोय, जास्त भर माप घेणं, अंगावर बसवणं आणि नीट तपासणं यावर आहे.

आधी प्रकार ठरवून घेऊ. इथे मी फक्त मनगटाच्या जोरावर चालणाऱ्या हाताबद्दल बोलतोय. यात मोटर नाही, बॅटरी नाही. पंजाचा एक भाग असतो ज्यात उरलेला तळवा बसतो, आणि मनगटाच्या मागे कोपराच्या दिशेने जाणारा पन्हाळीसारखा एक भाग असतो, त्याला गॉन्टलेट म्हणतात. दोन्ही भाग मनगटाच्या दोन बाजूंना बिजागरीने जोडलेले. गॉन्टलेटच्या वरच्या बाजूला दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या पंजाच्या पाठीवरून बोटांमध्ये जातात. मनगट खाली वाकवलं की पाठीवरचं अंतर वाढतं, दोरी ताणली जाते आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की बोटांच्या पाठीवरचं इलॅस्टिक त्यांना परत उघडतं. या दोरीलाच टेंडन म्हणतात कारण आपल्या बोटांतले स्नायूबंधही असंच काम करतात.

ही कल्पना आजच्या रूपात पसरली ती दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन अस यांच्यामुळे. २०११ मध्ये सुतारकाम करताना त्यांची बोटं गेली, मग अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांच्याबरोबर त्यांनी रोबोहँड बनवला आणि फाईली सगळ्यांसाठी खुल्या केल्या. पुढे ई-नेबल नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला, त्यातून रॅप्टर, फिनिक्स अशी डिझाइनं आली. नवख्या माणसाने फिनिक्स किंवा त्याच्या सुधारित आवृत्त्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण त्यातले बहुतेक भाग सपोर्टशिवाय प्रिंट होतात आणि अडलं तर विचारायला लोक आहेत. सामानाचा खर्च दीड-दोन हजारात बसतो, प्रिंटर आपला किंवा मित्राचा असेल तर.

हा हात कोणाला चालेल ते आधी बघा

मनगट शाबूत पाहिजे आणि मनगटाच्या पुढे तळव्याचा थोडा तरी भाग पाहिजे. मनगटच नसेल तर हे डिझाइन कामाचं नाही, मग कोपरावर चालणारं डिझाइन लागतं, किंवा रोटरी क्लबच्या शिबिरांत मिळणाऱ्या एलएन-४ सारख्या तयार कृत्रिम हाताचा विचार करावा लागतो.

घरी तपासायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. हात टेबलावर आडवा ठेवा, पंजा कडेच्या बाहेर लोंबकळू द्या आणि मनगट किती खाली वाकतंय ते मोजा. ३० अंशांपेक्षा कमी वाकत असेल तर बोटं अर्धवटच मिटतील. मग आपला तळहात त्याच्या उरलेल्या तळव्याखाली धरा आणि जोर लावायला सांगा. दुखत असेल, किंवा एखाद्या जागी बोटाने हलकं टिचकवलं की करंट लागल्यासारखी कळ येत असेल तर तिथे नसेचा गोळा असू शकतो, आणि त्याच जागेवर प्लास्टिक दाबलं गेलं तर तो माणूस हात कधीच घालणार नाही. तसंच त्या भागाला स्पर्श कळत नसेल (मधुमेह, कुष्ठरोग, नसांना झालेली इजा) तर एकट्याने हे काम करू नका. दाब पडतोय हे त्याला कळणारच नाही आणि जखम होईल. अशा वेळी प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाला सोबत घ्या. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे हेच काम चालतं. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर टाके भरून सूज पूर्ण उतरेपर्यंत माप घेऊ नका, कारण ते माप टिकणार नाही.

तिला काय करायचंय ते विचारा

पुढचं सगळं एका उदाहरणावर सांगतो म्हणजे समजायला सोपं जाईल. नऊ वर्षांची मुलगी, डाव्या हाताला जन्मापासून बोटं नाहीत, तळवा आहे, अंगठ्याच्या जागी छोटासा खुंट आहे, मनगट ४५ अंश वाकतं. आईला वाटत होतं की तिने दोन्ही हातांनी जेवणाचं ताट धरावं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "दादा, मला दोरीउड्या मारायच्यात. आणि बाटलीचं झाकण उघडताना बाटली पोटाशी धरावी लागते, ती हातात धरायचीय."

हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण या हाताला सगळं जमत नाही. पाण्याची बाटली, सायकल पंपाची मूठ, बॅडमिंटनची रॅकेट, पिशवीचा बंद अशा जाडसर गोल वस्तू तो बऱ्यापैकी धरतो. नाणं उचलणं, बटण लावणं, पेन धरून लिहिणं हे जवळपास होत नाही. पट्टी दाबून रेघ मारायला तर ती मुलगी उघडा तळवाच वापरते आणि तेच बरं आहे, तिथे तळव्याला कागद कळतो, प्लास्टिकला कळत नाही. म्हणून तीन कामं ठरवून कागदावर लिहून ठेवा, शेवटी टेस्टिंग त्याच कामांवर करायचंय.

माप

माप दुपारनंतर घ्या, सकाळी हात थोडा बारीक असतो. मनगटाच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे लागतात, अंगठ्याच्या बाजूला एक आणि करंगळीच्या बाजूला एक. त्यांच्या टोकांच्या किंचित पुढे, मनगट हलवताना जिथे वाकण्याचा मध्य जाणवतो, तिथे बॉलपेनने दोन्ही बाजूंना ठिपका द्या. हे दोन ठिपके या सगळ्या कामाचा पाया आहेत, ते पुढे लागणार आहेत. मग हात आलेखाच्या कागदावर ठेवून बरोबर वरून फोटो काढा, मोबाईल निदान एक मीटर लांब धरून झूम करा, जवळून काढला तर कडा ताणल्यासारख्या दिसतात आणि माप चुकतं.

व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर दोन पट्ट्यांमध्ये हात धरून मोजा. उरलेल्या तळव्याची सगळ्यात जास्त रुंदी, मनगटाची ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतची रुंदी, मनगटापासून तळव्याच्या टोकापर्यंत लांबी, कोपराच्या दिशेने हाताचा घेर आणि दुसऱ्या चांगल्या हाताची लांबी-रुंदी, एवढं पुरतं.

आपल्या मुलीच्या तळव्याची रुंदी आली ५२ मिमी. आत दोन्ही बाजूंना ३-३ मिमी फोम लागणार, म्हणजे पंजाच्या भागाची आतली रुंदी ५८ मिमी हवी. आता फाईल स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटरसाठी फाईल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून, कुठलंही स्केल न लावता, पंजाच्या आतली रुंदी मोजायची. आमच्या फाईलमध्ये ती ५५ मिमी आली. ५८ भागिले ५५ म्हणजे १.०५, तर स्केल १०५ टक्के. तुमची फाईल वेगळी असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल, म्हणून कोणीतरी लिहिलेला टक्का तसाच उचलू नका, स्वतः मोजा.

मनगटाकडेही तसंच तपासायचं. मनगट ४६ मिमी, दोन्हीकडे ३ मिमी फोम, म्हणजे बिजागऱ्यांमध्ये निदान ५२ मिमी जागा पाहिजे. तळव्याच्या हिशोबाने एक टक्का आणि मनगटाच्या हिशोबाने दुसरा येत असेल तर मोठा धरा आणि जिथे ढिलं होतंय तिथे फोम वाढवा. उलटं केलं तर हाडावर प्लास्टिक बसतं आणि ते फोमने सुटत नाही. मात्र स्केल वाढवताना एकूण लांबी दुसऱ्या हातापेक्षा फार पुढे जात नाही ना ते बघा, लांब हात मुलांना नको असतो आणि टोकाला वजनही वाटतं.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही, स्केल बदललं की भोकंही बदलतात. ३ मिमीचा स्क्रू १०५ टक्क्याला थोडा ढिला होईल आणि ९० टक्क्याला आत जाणारच नाही. दोरीची भोकंही तशीच. सगळे भाग एकाच टक्क्याने वाढवा, एखादाच भाग वेगळ्या टक्क्याने काढला तर तो जुळणार नाही. आणि डावा-उजवा बघून घ्या, उजव्याची फाईल असेल तर स्लायसरमध्ये मिरर करा.

आधी फक्त दोन भाग प्रिंट करा

बोटं नंतर. पहिल्यांदा फक्त पंजाचा भाग आणि गॉन्टलेट काढायचे. पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक चालतं, लेयर ०.२ मिमी, भिंती तीन-चार, इनफिल म्हणजे आतला भराव ३० टक्के. पंजाला काही तास लागतात, पण सगळा हात काढून मग माप चुकलं असं होण्यापेक्षा हे बरं.

काही आवृत्त्यांत, उदाहरणार्थ टीम अनलिंबिटेडच्या फिनिक्समध्ये, गॉन्टलेट सपाट प्रिंट होतो आणि नंतर गरम पाण्यात मऊ करून वाकवायचा असतो. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं, त्यामुळे ७०-७५ अंशांचं पाणी पुरतं, उकळतं घेतलंत तर ते वेडंवाकडं होतं. मिनिटभर बुडवायचं, चिमट्याने काढायचं, आणि हाताच्या घेराएवढ्या बाटलीवर किंवा कापड गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर दाबून थंड होईपर्यंत धरायचं. मुलाच्या हातावर थेट कधीही वाकवू नका, वरून गार लागलं तरी आतून गरम असतं. घेर थोडा मोठाच ठेवा, आत फोम यायचाय.

मग दोन्ही भाग बिजागरीने जोडा, आत तात्पुरता फोम चिकटवा, पट्टे बांधा आणि ते बॉलपेनचे ठिपके शोधा. बिजागरीचा स्क्रू बरोबर ठिपक्यावर यायला हवा. मनगट सरळ असताना बघा, पूर्ण वाकवून बघा. स्क्रू ठिपक्यावरच राहिला तर फिटिंग बरोबर. वाकवताना स्क्रू ठिपक्यापासून ४-५ मिमी पुढे किंवा मागे सरकत असेल तर हाताचं मनगट एका जागी वाकतंय आणि यंत्राचं दुसऱ्या जागी, आणि हा फरक प्रत्येक वेळी कातडीवर घासून निघणार आहे. दिवसातून दोनशे वेळा मनगट वाकलं तर दोनशे वेळा घासणार.

स्क्रू पुढे येत असेल तर बहुतेकदा तळवा आत पूर्ण बसलेला नसतो, म्हणजे टोकाकडचा फोम पातळ करा. मागे जात असेल तर टोकाला फोमची एक चकती वाढवा. आपल्या मुलीच्या हातात बिजागरी ५ मिमी मागे जात होती, तळव्याच्या पुढे ५ मिमीची फोमची गादी टाकली आणि ती जागेवर आली. याच्याशिवाय पुढे जाऊ नका, मग किती का वेळ लागेना.

बोटं, दोऱ्या आणि इलॅस्टिक

आता बोटं प्रिंट करा, फाईलमध्ये जशी आडवी ठेवलीत तशीच. उभी प्रिंट केली तर लेयरच्या रेघेवर तुटतात. सांध्यांच्या पिना १०० टक्के भरीव काढा. सगळी बोटं पिनेवर स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजेत, अडकत असतील तर भोक हाताने ड्रिल फिरवून मोकळं करा, मशीनने नको, पीएलए वितळून चिकटतं.

दोरीच्या वाटेची तपासणी अशी करा. कापसाची बारीक वात करून सुईने त्या भोकातून ओढून काढा. वातीचे तंतू कुठे अडकून राहिले तर तिथे प्लास्टिकची धार आहे, आणि तीच धार दोरी कापणार आहे. तिथे बारीक कानस किंवा गुंडाळलेला सँडपेपर फिरवा आणि परत वात ओढा. वात स्वच्छ बाहेर आली की ते भोक झालं.

दोरी म्हणून मासेमारीची ब्रेडेड लाईन घ्या, ८०-१०० पाउंडवाली, मच्छीमारीच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाईन मिळते. नायलॉनची साधी पारदर्शक तंगूस नको, ती ताण पडला की लांबते आणि दोन दिवसांत बोटं मिटेनाशी होतात. ब्रेडेड लाईन गुळगुळीत असते, साधी गाठ तिच्यात सुटते, म्हणून दोनदा वेढा घेऊन गाठ मारा, उलटी अजून एक मारा, टोक थोडं लांब सोडा आणि गाठीवर सुपरग्लूचा थेंब टाका. उघडण्यासाठी बोटांच्या पाठीवर १ मिमीचं ब्रेसलेटचं इलॅस्टिक चालतं, दातांच्या तारांना लावायची छोटी रबरंही चालतात. इलॅस्टिक हवं तेवढंच ताणा. ते जितकं घट्ट, तितका मनगटाचा जोर बोटं मिटवण्यातच संपतो आणि पकडीला काही उरत नाही. बोट सोडल्यावर हळूहळू का होईना पूर्ण उघडतंय, एवढं पुरे.

आता थोडा हिशोब, कारण "माझ्या हाताची मूठ पूर्ण का बंद होत नाही" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. समजा दोरी बिजागरीच्या मध्यापासून २० मिमी वरून जाते. मनगट ३० अंश वाकलं तर दोरी साधारण १० मिमी ओढली जाते. बोटाच्या दोन सांध्यांमध्ये दोरी पिनेपासून ५ मिमी लांबून जात असेल, आणि दोन्ही सांधे मिळून १७० अंश वाकायला हवे असतील, तर त्याला १५ मिमी दोरी लागते. म्हणजे ३० अंशात मूठ दोन-तृतीयांशच मिटणार. १५ मिमी मिळवायला मनगट ४३ अंश वाकावं लागेल. आपल्या मुलीचं ४५ वाकतं, म्हणजे जेमतेम जमतं, पण दोरीत ३ मिमीची ढील राहिली तरी ते गेलं. मनगट कमी वाकणाऱ्यांनी पूर्ण मुठीच्या मागे न लागता जाड वस्तू पकडण्यावर भर द्यावा, ६-७ सेंटीमीटर जाडीच्या बाटलीला पूर्ण मूठ लागतच नाही.

ताण लावताना मनगट सरळ ठेवा, सगळी बोटं उघडी आणि दोरीत ढील नाही, अशा स्थितीत टेन्शनरचे, म्हणजे दोऱ्यांची टोकं ओढून धरणाऱ्या भागाचे स्क्रू पिळा. मग मनगट हळू वाकवून बघा, सगळी बोटं एकदम निघाली पाहिजेत, आणि अंगठा पहिल्या दोन बोटांच्या समोर आला पाहिजे, बोटांच्या बाजूने निघून जायला नको. दोऱ्या वेगवेगळ्या बांधलेल्या असतील तर ज्या बोटाला वस्तू आधी लागते ते थांबतं, त्याची दोरी ताणली जाते आणि मनगट तिथेच अडतं, बाकीची बोटं हवेत राहतात. निमुळत्या ग्लासवर हे लगेच दिसतं. काही डिझाइनमध्ये यासाठी ताण वाटून देणारी तराजूसारखी दांडी असते, तिला व्हिपलट्री म्हणतात. ती असलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, ग्लास-बाटली धरताना फरक स्पष्ट कळतो.

बोटांच्या टोकांना रबर लागतंच, नुसतं पीएलए स्टीलच्या ग्लासवरून सटकतं. बँकेत नोटा मोजताना बोटात घालतात त्या रबरी टोप्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्या बसतात. नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा.

कुठे दाब पडतो आणि का

फोम सगळीकडे सारखा लावून उपयोग नाही. वस्तू धरली की दोऱ्या गॉन्टलेटला वरच्या बाजूने पंजाकडे ओढतात आणि बिजागरी त्याला खालच्या बाजूने मागे ढकलते. त्यामुळे गॉन्टलेटची पुढची कड मनगटाच्या पाठीवर दाबली जाते आणि कोपराकडचं टोक वर उचललं जातं, तो उचल कोपराकडचा पट्टा अडवतो. म्हणजे लाली येणार ती मनगटाच्या पाठीवर आणि मागच्या पट्ट्याखाली. तिथेच जाड आणि मऊ गादी द्या, पुढची कड गरम करून किंचित बाहेर वळवा, आणि मागचा पट्टा रुंद घ्या, २५ मिमीपेक्षा बारीक वेल्क्रो हाताला कापतो. पंजात तळव्याच्या पुढच्या कडेवर जोर येतो, तिथे शिवण किंवा फोमचा जोड येऊ देऊ नका.

हाडाच्या उंचवट्यावर मात्र जास्त फोम लावून फायदा होत नाही, उलट दाब वाढतो. तिथे फोमला भोक पाडा, म्हणजे उंचवटा त्या खळग्यात मोकळा राहील.

घामाचं काय करायचं ते आपल्याकडे जास्तच बघावं लागतं. मुलीची पहिली तक्रार टोचण्याची नव्हतीच, "दादा, आत पिचपिच होतं" अशी होती. ईव्हीए फोम घाम शोषत नाही म्हणून चांगला, पण तो थेट कातडीवर नको. जुन्या सुती मोज्याचा वरचा भाग कापून हातावर चढवा आणि त्यावर प्रिंटेड हात घाला. असे तीन-चार मोजे ठेवा, रोज धुतलेला घाला. गॉन्टलेटला जाळी किंवा भोकं असतील तर ती फोमने बुजवू नका. आणि फोम वेल्क्रोने बसवा, चिकटवून टाकू नका, म्हणजे काढून धुता येतो आणि मूल वाढलं की पातळ फोम लावून काही महिने अजून तोच हात चालतो.

टेस्टिंग: आधी टेबलावर

अंगावर घालण्यापूर्वी हात टेबलावर तपासा. हाताने मनगट दोनशे वेळा उघड-मिट करा. मध्येच थांबून पिना बाजूला सरकल्यात का, दोरी भोकाच्या तोंडाशी फुललीय का, गाठ सरकलीय का ते बघा. बोटं आधीपेक्षा कमी मिटत असतील तर गाठ सरकली असं समजा. मग बोटं मिटवून धरा, त्यात सामान मोजायचा हुकवाला वजनकाटा अडकवा आणि हळूहळू ओढा. लहान मुलाच्या हातासाठी २ किलोपर्यंत काही तुटायला नको. तुटलंच तर कुठे तुटलं ते महत्त्वाचं, पिन तुटली तर नवीन पिन, बोट लेयरवर चिरलं तर नोझलचं तापमान ५-१० अंश वाढवून परत काढा. ओढताना डोळ्याला चष्मा हवा, ताणलेली दोरी सुटली की जोरात येते.

मग सगळ्या कडांवरून स्वतःच्या गालाची कातडी नाहीतर नायलॉनचा मोजा फिरवा. मोजा अडकला तर तिथे खरखरीत आहे, घासून काढा.

मग हातावर

पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं, काही न उचलता, नुसती उघड-मिट. काढल्यावर लगेच कातडी बघा आणि लाल जागांचा फोटो काढा. २० मिनिटांनी परत बघा. लाली गेली असेल तर ठीक, तेवढा दाब चालतो. लाली तशीच असेल, पांढरा वळ असेल, फोड असेल तर त्या जागेचा फोम बदलल्याशिवाय परत घालायचा नाही. खुंटाचा रंग जांभळट दिसला किंवा मुंग्या आल्या तर पट्टा फार घट्ट आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून बोटाच्या मागच्या बाजूने ऊब बघा, दाबलेली जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते. असं रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत दोन तासांपर्यंत न्या. लहान मूल "दुखत नाही" म्हणतं कारण त्याला हात हवा असतो, म्हणून शब्दावर न जाता कातडी बघा.

काम किती जमतंय हे मोजायला फिजिओथेरपीत एक साधी चाचणी वापरतात, बॉक्स अँड ब्लॉक. अडीच सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे एका खोक्यातून मधल्या आडव्या फळीवरून दुसऱ्या बाजूला टाकायचे, ६० सेकंदांत किती गेले ते मोजायचं. खऱ्या चाचणीत १५० ठोकळे आणि साधारण १५ सेंटीमीटरची फळी असते, घरी सुताराकडून तीसेक ठोकळे कापून आणले आणि पुठ्ठ्याचा खोका घेतला तरी आपल्याला आपलीच तुलना करायला पुरतं. दर आठवड्याला एकदा, त्याच टेबलावर, त्याच उंचीवर. आकडा वाढत नसेल तर दोरीचा ताण आणि अंगठ्याची दिशा बघा. आणि एकदा हात न घालताही करून घ्या. उघड्या तळव्याने जास्त ठोकळे गेले तर त्यात वाईट काही नाही, त्यावरून एवढंच कळतं की छोट्या वस्तूंसाठी हात काढलेला बरा.

शेवटी ती कागदावर लिहिलेली तीन कामं. बाटली लगेच जमली, डाव्या हाताने धरायची आणि उजव्याने झाकण फिरवायचं. ताट अर्धवट, कारण ताटाची कड पातळ आणि बोटांची टोकं तिथे एकत्र येत नाहीत. दोरीउड्यांची मूठ मात्र दहा उड्यांत निसटायची. याचं कारण या हाताच्या रचनेतच आहे, पकड टिकवायची तर मनगट सतत वाकवून धरावं लागतं, आणि दोरी फिरवायला तेच मनगट लागतं. मग दोरीच्या मुठीवर फोम गुंडाळून ती ४ सेंटीमीटर जाड केली, म्हणजे थोड्याशा वाकलेल्या मनगटातही ती धरली जाते, आणि दोरी फिरवण्याचं काम तिने खांद्यातून करायला घेतलं. वस्तू बदलणं हा हात बदलण्यापेक्षा पुष्कळदा सोपा उपाय असतो, पेनाला, ब्रशला, रॅकेटला तोच करा.

जिथे वापरायचा नाही

गॅस, चूल, इस्त्री यांच्याजवळ नको, रस्त्यावर सायकल किंवा गाडी चालवताना नको, फिरत्या मशीनजवळ तर अजिबात नको. झाडावर किंवा बारवर लटकायला नको. बंद गाडीत किंवा उन्हात ठेवलेल्या डिकीत हात विसरू नका, विदर्भातल्या मे महिन्यात पीएलएचा गॉन्टलेट तिथे सहज वाकडा होतो. सारखं उन्हात काम असेल तर पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचा काढा, तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, पण मग गरम पाण्यात वाकवायचं गणितही बदलतं. धुताना कोमट पाणी आणि साबण.

घरी देताना एका पिशवीत जास्तीच्या चार पिना, दोरी, इलॅस्टिक, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि बदली फोम द्या, आणि आईला किंवा बाबांना एक दोरी समोर बसवून बदलून दाखवा, मग त्यांच्याकडून बदलून घ्या. इलॅस्टिक काही महिन्यांत सैल पडतं, ते आधी जातं. दर तीन महिन्यांनी तळव्याची रुंदी परत मोजा, आपल्या मुलीची ५२ ची ५५ झाली की ३ मिमीच्या जागी दीड मिमीचा फोम, ५७ झाली की नवीन स्केल काढून पंजा आणि गॉन्टलेटपासून परत सुरुवात.